शुगर ३४ वरून १६८ झाली, पेशंट बोलायलाही लागला, मग डॉक्टर घरी का सोडत नाहीत?

समजा, पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात सत्तरीच्या आजी आहेत. उदाहरण कल्पित आहे, पण असं कुठल्याही घरात घडू शकतं. त्यांना दहा वर्षांपासून डायबिटीस आहे आणि किडनीही थोडी कमजोर झालेली आहे. रोज नाश्त्याआधी त्या ग्लिमेपिराइड असलेली एक गोळी घेतात. दोन दिवस जुलाब झाल्यामुळे पोटात काहीच नव्हतं. सकाळी घेतलेली गोळी विसरून त्यांनी दुपारी पुन्हा घेतली आणि रात्री सुनेनं आठवणीनं आणखी एक दिली.

पहाटे आजी उठेनात. अंग घामानं भिजलेलं, तोंड वाकडं झाल्यासारखं. घरच्यांना लकवाच वाटला. दवाखान्यात बोटातून रक्त घेऊन पाहिलं तर शुगर ३४! डॉक्टरांनी २५ टक्के डेक्स्ट्रोजची १०० मिलिलिटरची बाटली शिरेतून दिली, म्हणजे २५ ग्रॅम साखर थेट रक्तात गेली. दहा मिनिटांत आजींनी डोळे उघडले आणि चहा मागितला. शुगर १६८ झाली होती.

'आता बरं आहे, घरी नेतो' हे वाक्य नेमकं इथे येतं, आणि खरा धोकाही इथूनच सुरू होतो. दोन तासांनी शुगर ५२ असते. पुन्हा बाटली लावली की १५० होते आणि आणखी दीड-दोन तासांनी ४८. नातेवाईकांना वाटतं, डॉक्टरांना काही कळत नाही. खरं तर डेक्स्ट्रोजनं त्याचं काम केलेलं असतं. मूळ बिघाड दुसरीकडे आहे आणि तिथपर्यंत डेक्स्ट्रोज पोचत नाही.

मोटार बंद होत नाही, तोवर विहीर भरून उपयोग काय?

स्वादुपिंडातल्या बीटा पेशी रक्तातली साखर पाहून इन्सुलिन सोडतात. साखर वाढली की पेशीच्या भिंतीतला पोटॅशियमचा दरवाजा बंद होतो, त्यामुळे कॅल्शियम आत शिरतं आणि इन्सुलिन बाहेर पडतं. साखर उतरली की दरवाजा उघडतो आणि इन्सुलिन थांबतं. विहिरीवरच्या मोटारीला ऑटो स्विच असावा, तसंच हे आहे.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिपिझाइड ही औषधं सल्फोनिलयुरिया गटातली. ती हा दरवाजा स्वतःच बंद करून ठेवतात. योग्य डोस आणि वेळेवर जेवण असेल तर तोच त्यांचा फायदा. डोस जास्त झाला, तर मात्र ऑटो स्विचचे पॉइंट चिकटल्यासारखी गत होते. विहीर तळाला गेली तरी मोटार चालूच. त्यात किडनी कमजोर असेल तर ग्लिमेपिराइड आणि ग्लिबेनक्लामाइड शरीरातून लवकर बाहेर पडत नाहीत. हा परिणाम २४ तास, कधी त्याहूनही जास्त टिकतो.

अशा वेळी नुसतं डेक्स्ट्रोज देणं म्हणजे वरून टँकर ओतत राहणं. मोटारीची उपमा इथे थोडी अपुरी पडते, कारण शरीरात टँकर ओतला की मोटार आणखी जोरात पळते. हिशेब करून पाहा. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि त्यात एरवी जेमतेम पाच ग्रॅम साखर असते. तिथे एकदम २५ ग्रॅम साखर आली की गोळीनं आधीच उचकवलेल्या बीटा पेशी इन्सुलिनचा नवा लोंढा सोडतात. साखर वर जाते आणि तेवढ्याच वेगानं आपटते. डोस वाढवत नेला तर वेगळ्याच अडचणी येतात. घट्ट डेक्स्ट्रोजनं हाताची शीर सुजते, सलाइनचं पाणी वृद्धांच्या हृदयाला जड जातं आणि रक्तातलं पोटॅशियम घसरतं.

ऑक्ट्रिओटाइड काय करतं?

शरीरात सोमॅटोस्टॅटिन नावाचं हार्मोन असतं. इन्सुलिनला आवर घालणं हे त्याच्या कामांपैकी एक. ऑक्ट्रिओटाइड ही त्याची जास्त वेळ टिकणारी कृत्रिम नक्कल. ती बीटा पेशीत कॅल्शियम शिरू देत नाही आणि इन्सुलिनचा प्रवाह कमी करते. गोळीनं दरवाजा बंद केलेला असला, तरी त्याच्या पुढचा टप्पा इथे अडवला जातो. चिकटलेला स्विच सुटत नाही, पण मोटारीकडे जाणारी लाइन तोडली जाते.

प्रौढांना साधारणपणे ५० ते १०० मायक्रोग्रॅम, त्वचेखाली, दर सहा ते आठ तासांनी देतात. आपल्या आजींना दुपारी १२ वाजता ५० मायक्रोग्रॅम दिलं असं धरू. सोबत १० टक्के डेक्स्ट्रोजची संथ सलाइन चालू. एक वाजता शुगर ९६, तीन वाजता ११२. पहिल्यांदाच आकडा वर-खाली उड्या मारायचा थांबला. संध्याकाळी सहाला दुसरा डोस, मध्यरात्री तिसरा, आणि मधल्या वेळेत सलाइन हळूहळू कमी. आजी जेवू लागल्या.

हे आजचं नवीन संशोधन नाही. निरोगी स्वयंसेवकांना ग्लिपिझाइड देऊन ऑक्ट्रिओटाइडची चाचणी घेतल्याचा अभ्यास १९९३ मध्येच प्रसिद्ध झाला. २००८ मध्ये आपत्कालीन विभागातल्या ४० रुग्णांवरचा अभ्यास आला. त्यात एकाच डोसमुळे पहिले आठ तास शुगर चांगली राहिली, पण पुढे तो फायदा टिकला नाही. औषध उतरतं, गोळी अजून अंगात असते. म्हणून डोस पुन्हा द्यावा लागतो.

याला मर्यादाही आहेत. ऑक्ट्रिओटाइड स्वतः साखर वाढवत नाही, त्यामुळे शुगर ३४ असताना आधी डेक्स्ट्रोजच लागतं. इन्सुलिनचं इंजेक्शन जास्त गेलं असेल तर ते उपयोगाचं नाही, कारण ते फक्त स्वादुपिंडातून येणारं इन्सुलिन रोखतं. मळमळ, पोटदुखी होऊ शकते, कधी नाडी मंदावते.

माझा आक्षेप आहे तो सवयीवर. 'शुगर कमी म्हणजे डेक्स्ट्रोज, शुगर वाढली म्हणजे डिस्चार्ज' ही ती सवय. यकृताच्या आजारात रक्ताच्या उलट्या होतात, तेव्हाही ऑक्ट्रिओटाइड वापरतात. त्यामुळे असे रुग्ण घेणाऱ्या रुग्णालयात ते सहसा फ्रिजमध्ये असतं. त्याची आठवण तिसऱ्या बाटलीनंतर नव्हे, शुगर दुसऱ्यांदा पडताच यायला हवी. तालुक्याच्या ठिकाणी ते नसेल तर मोठ्या रुग्णालयात पाठवावं, पण सलाइन चालू ठेवून. करंजी घाट ओलांडून नगर गाठेपर्यंत शुगर पुन्हा ५० च्या खाली जाऊ शकते. त्यामुळे अ‍ॅम्ब्युलन्समध्ये ग्लुकोमीटर हवा आणि दर अर्ध्या तासानं तपासणी हवी.

घरच्यांकडून दोन गोष्टी लागतात. पहिली, गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा सोबत न्या. ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव असतं. ते 'ग्लि'नं सुरू होत असेल तर डॉक्टरांना लगेच दाखवा आणि किती गोळ्या कधी घेतल्या ते न लपवता सांगा. चुकून असो वा मुद्दाम, उपचारासाठी ते कळणं गरजेचं आहे. लहान मुलानं आजोबांची एक जरी गोळी गिळली असेल, तरी ते खेळतंय म्हणून थांबू नका. शुगर अनेक तासांनी पडू शकते.

दुसरी गोष्ट डिस्चार्जची. ऑक्ट्रिओटाइडचा शेवटचा डोस दिल्यावर आणि डेक्स्ट्रोज बंद केल्यावरही शुगर टिकते का, ते पाहायला निदान १२ तास, शक्यतो २४ तास लागतात. आपल्या आजींचा शेवटचा डोस सोमवारी सकाळी सहाचा असेल, तर त्यांना मंगळवारी सकाळी घरी न्यायचं. तेही ती गोळी पुन्हा सुरू करायची की बदलायची, हे डॉक्टरांकडून लिहून घेऊनच.