पहिल्या हप्त्याआधीचे व्याज

मुलाला नोकरी लागली की पालक आपल्याकडे येतात आणि विचारतात, शैक्षणिक कर्ज लवकर फेडावे की सावकाश? तोवर बरेच काही ठरून गेलेले असते. हप्ते सुरू होईपर्यंत मिळणारी सवलत म्हणजे व्याजमाफी, असा समज अनेक घरांत असतो. व्याज मात्र रक्कम उचलल्या दिवसापासून चालू असते.

दरवर्षी दोन लाख असे चार वर्षांत आठ लाखांचे कर्ज घेतले, व्याज दहा टक्के, आणि अभ्यासक्रमानंतर एक वर्षाची सवलत, असे धरू. या पाच वर्षांत सरळव्याजानेही २ लाख ८० हजार होतात आणि फेडीच्या सुरुवातीला ते मुद्दलात मिसळतात. मग दहा वर्षांचा हप्ता १०,८०,००० रुपयांवर बसतो, सुमारे १४,२७० रुपये. पालकांनी शिक्षण चालू असतानाच महिन्याचे व्याज भरले असते (पहिल्या वर्षी सुमारे १,६७०, चौथ्या वर्षापासून सुमारे ६,६७०) तर हप्ता १०,५७० वर थांबला असता. काही बँका अशा व्याजभरणीवर दरात सूटही देतात. मंजुरीपत्र वाचताना ही ओळ ग्राहकाला आपण दाखवायला हवी.

आता नोकरी लागली आहे. दरमहा १४,२७० ऐवजी २०,००० भरले तर कर्ज सहा वर्षांत संपते आणि व्याजाचे सुमारे पावणेतीन लाख वाचतात. मग जुन्या करप्रणालीतल्या व्याज-वजावटीसाठी कर्ज लांबवावे का? ती वजावट आठच वर्षे मिळते, नव्या प्रणालीत मिळतच नाही. वीस टक्के कराच्या टप्प्यात ती धरली तरी व्याजाचा खरा भार आठ टक्क्यांच्या आसपास राहतो. ठेवीवर कर वजा जाता तेवढे सहसा हाती येत नाही. माझ्या मते वजावटीसाठी कर्ज ठेवणे हा सल्ला बाद करावा.

घाईलाही मर्यादा आहे. मुदतीच्या कर्जात जादा भरलेला पैसा गरजेच्या वेळी परत काढता येत नाही. म्हणून आधी सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला ठेवायला सांगा, विशेषतः नोकरी परिवीक्षेवर असेल तर. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ती त्याही आधी, कारण तिचे व्याज कितीतरी जास्त असते.

आणखी एक गोष्ट शाखेत जाऊन तपासावी लागते. जादा रक्कम कधी कधी 'आगाऊ हप्ता' म्हणून जमा होते. पुढची देय तारीख सरकते, मुदत मात्र कमी होत नाही. रक्कम मुद्दलातून वजा करावी आणि हप्ता तोच ठेवून मुदत घटवावी, असे लेखी द्यायला लावा. पुढच्या महिन्याच्या खातेउताऱ्यात मुद्दल तेवढ्याने उतरले की नाही ते पाहा. उतरले नसेल तर त्याच आठवड्यात अर्ज करा. वर्षाअखेरीस ही दुरुस्ती करून घेताना नाकी नऊ येतात.