पैसे पाठवण्यापूर्वी विमा क्रमांक विचारा

गावाकडून आजारपणाचा फोन आला की परदेशातील आपली माणसे तत्काळ पैसे पाठवतात. ही माया योग्यच. पण घरात कोणी कारखान्यात किंवा कंत्राटदाराकडे कामाला असेल, तर आधी त्याचा कामगार विमा क्रमांक विचारावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४४ मध्ये, प्रा. अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल सादर केला आणि त्यातूनच १९४८ चा कायदा आला. या विम्यातून मिळणारा उपचार हा धर्मादाय नव्हे. त्याचे पैसे पगारातून कापलेले असतात.

समजा, नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत आपली बहीण साफसफाईच्या कंत्राटावर तीन वर्षे आहे आणि तिचा पगार १६,००० रुपये आहे. तिच्याकडून दरमहा १२० रुपये कापले जातात आणि मालक ५२० रुपये भरतो. तिच्यावर अवलंबून असलेल्या आईच्या हृदयाची तक्रार निघाली. आईचे सर्व मार्गांचे उत्पन्न महिना ९,००० रुपयांपेक्षा अधिक नसेल, तर तिलाही उपचाराचा हक्क आहे आणि त्या खर्चाला कमाल मर्यादा नाही.

अडते ते नोंदीपाशी. नोकरीला लागताना घाईने भरलेल्या अर्जात अनेकदा आईवडिलांची नावेच नसतात. बहिणीच्या ई-पहचान कार्डावर आईचे नाव आहे का, हे आजच पाहावे. नसेल तर मालकाकडून भरून घ्यावे. कपात झालेली वर्गणी खरोखर जमा होते का, तेही विमा महामंडळाच्या संकेतस्थळावर दिसते. कंत्राटदाराने ती बुडवली, तर मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही. ही गोष्ट कामगारांना फार क्वचित सांगितली जाते.

यानंतर वाट ठरलेली आहे. नेमून दिलेल्या विमा दवाखान्यात किंवा पॅनेल डॉक्टरांकडे आधी जावे. ते चिठ्ठी देऊन विमा रुग्णालयात पाठवतात. सातपूरला असे रुग्णालय आहे. तिथे अँजिओप्लास्टीची सोय नसेल, तर करार असलेल्या खासगी रुग्णालयासाठी संदर्भपत्र मिळते आणि तिथे पैसे भरावे लागत नाहीत. रांगा लांब असतात, औषध कधी संपलेले असते, हे खरे. तरीही कंटाळून संदर्भपत्राविना खासगी रुग्णालयात दाखल होणे महागात पडते.

प्राणावर बेतले असेल, तर मात्र चिठ्ठीसाठी थांबू नये. शक्य तो करार असलेले रुग्णालय गाठावे, कार्ड दाखवावे आणि विमा रुग्णालयास लगेच कळवण्यास सांगावे. करार नसलेल्या ठिकाणी खर्च आधी आपण करायचा आणि नंतर परतावा मागायचा; पण तो केंद्र सरकारी आरोग्य योजनेच्या दरांनीच मिळतो. रुग्णालयाचे बिल त्याहून मोठे असेल, तर वरची रक्कम घरचीच जाते. आपण पाठवायचे पैसे त्या फरकासाठी राखून ठेवावेत.