एक कोटीची मागणी

अवास्तव मागणी मध्यस्थाने स्वतंत्र बैठकीत तपासलीच पाहिजे, अशी आमची भूमिका आहे. २०२५च्या ‘मध्यस्थी राष्ट्रासाठी’ मोहिमेत मोटार अपघाताचे दावेही होते.

अशाच एका दाव्याचे उदाहरण घेऊ. समजा, अकोल्यातला ३८ वर्षांचा गवंडी अपघातात गेला. मागे चार आश्रित. मागणी एक कोटीची. सिद्ध होणारी कमाई दरमहा १५ हजार. त्यात भविष्यातील वाढ ४० टक्के, स्वतःच्या खर्चापोटी चौथाई वजा आणि गुणक १५ धरला, की अवलंबित्वाची भरपाई २८ लाख ३५ हजार निघते. मध्यस्थाने हा आकडा लादू नये. ‘जास्त कमाईचा कागद कोणता?’ असे विचारून हिशेब कुटुंबाकडूनच मांडून घ्यावा.

विमा कंपनीलाही तितकेच खोदून विचारावे. नाहीतर खचलेली विधवा मिळेल त्या रकमेवर सही करील. अमरावती व अकोल्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांनी कंपनीचा प्रस्ताव येण्याआधीच गुणकांचा तक्ता मराठीत दावेदाराच्या हाती द्यावा.