संध्याकाळचा स्वयंपाक कोण करतं, हे लग्नाआधी विचारा



"मुलीनं फार प्रश्न विचारले, म्हणून स्थळ गेलं." हे वाक्य आता मला पाठ झालंय. डोंगरकड्यात ऐकलं, नांदेडला नातेवाइकांत ऐकलं, शिरड शहापूरला मल्लिनाथांच्या दर्शनाला गेले तर तिथल्या ओट्यावरही ऐकलं. सांगणाऱ्या बहुतेक बायकाच असतात, याचं मला जास्त वाईट वाटतं. मुलाकडचे उंची विचारतात, पगार विचारतात, चष्म्याचा नंबर विचारतात, "नोकरी सोडावी लागली तर?" हेही पोहे खाता खाता विचारून घेतात. त्याला आपण माहिती काढणं म्हणतो. मुलीनं "तुमच्या घरी कामं कोण कोण करतं?" एवढं विचारलं की ती उलटतपासणी होते.

मात्र हल्ली मुली मोबाईलवरून चाळीस प्रश्नांची यादी उतरवून नेतात, त्याचीही मी बाजू घेणार नाही. ती यादी उद्धट असते म्हणून नव्हे, तिच्यातून काही कळत नाही म्हणून. "तुम्ही बायकोला समान मानता का?" याला नाही म्हणणारा मुलगा मी पाहिलेला नाही. "एकत्र कुटुंबात राहायला आवडेल का?" याला नाही म्हणणारी मुलगीही क्वचितच. आणि "मी घरात मदत करतो" या वाक्यावर तर काडीचा विश्वास ठेवू नका. २०१९ च्या सरकारी वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं निघाली आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. त्यातही दर चार पुरुषांतल्या जवळजवळ तिघांनी त्या दिवशी घरकामाला हातच लावला नव्हता. ते तिघेही विचारलं असतं तर "मदत करतो" असंच म्हणाले असते.

मत विचारलं की मत मिळतं. घर कळायचं असेल तर वेळ विचारायची, आणि ती विचारायची सोय आपल्या धर्मानं आधीच करून ठेवली आहे. रात्री न जेवणाऱ्या घरात संध्याकाळचं जेवण किती वाजता होतं, हा दोन जैन माणसांतला अगदी साधा, घरगुती प्रश्न आहे. त्यानं कुणाच्या भुवया उंचावत नाहीत.

माझ्या नात्यातल्या एका मुलीचं सांगते. ती नांदेडला बँकेत. मुलाचं औषधांचं दुकान, घर नांदेडलाच, आईवडील सोबत, आईंचा रात्रिभोजनाचा त्याग आयुष्यभराचा. दोघं पहिल्यांदा बोलायला बसले तेव्हा हिनं आधी स्वतःच्या घरचं सांगितलं. "आमच्याकडे आजींचा नियम आहे, म्हणून हिवाळ्यात सव्वापाचला ताटं लागतात. आई चारला लागते स्वयंपाकाला, पाणी बाबा गाळतात. तुमच्याकडे कसं असतं?"

तो म्हणाला, "आमच्याकडेही पाचला स्वयंपाक झालेला असतो."

मैत्रिणींनो, हे "झालेला असतो" नीट ऐका. आपल्या मराठीत कामं आपोआप होतात. पाणी भरलेलं असतं, भांडी निघालेली असतात, पोळ्या होऊन जातात. करणारी बाई वाक्यातून गायब. मुलगा खोटं बोलत नसतो, त्याला ती दिसलेलीच नसते. इथं रागवायचं नाही, फक्त कर्ता विचारायचा. हिनं हसतच विचारलं, "कोण करतं?"

"आईच. आधी वहिनी करायच्या, पण दादा-वहिनी आता संभाजीनगरला असतात."

मग तिनं घड्याळ मधे ठेवलं. "डिसेंबरात आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो. मला बँकेतून निघायलाच सहा होतात. जूनमध्ये सातपर्यंत उजेड असतो, तेव्हा ओढूनताणून जमेल. हिवाळ्यात पाचचा स्वयंपाक कसा करायचा?"

यात आरोप कुठे आहे? "माझ्या नोकरीला तुमची हरकत नाही ना?" असं विचारलं असतं तर "मुळीच नाही" म्हणून तो मोकळा झाला असता. आता त्याला उत्तर शोधावं लागलं. तो म्हणाला, "बाई लावू." हिनं विचारलं, "आईंना बाईच्या हातचं चालतं?" चालत नव्हतं. घरात शोधाचा स्वयंपाक, बाई फक्त भांड्यांना. म्हणजे पैशानं सुटणारा मार्गही बंद. राहिल्या तिघांच्या सहा हातांतले कुठले तरी दोन. तो गप्प बसला आणि म्हणाला, "याचा मी विचारच केला नव्हता."

मी या उत्तराला चांगले गुण देते. "होईल सगळं" म्हणणाऱ्यापेक्षा तो बरा. पुढच्या फोनवर त्यानं आईंशी बोलून सांगितलं, की सध्या त्या करतील आणि दुपारी दुकान बंद असतं तेव्हा भाजी चिरणं, कणीक मळणं तो करेल. हे त्यानं "आई, तू आणि मी" असं म्हणून सांगितलं, ती नव्हती त्या खोलीत. "आईला विचारून सांगतो" म्हणून जो परत विषयच काढत नाही, त्याचंही उत्तर मिळालेलंच असतं.

दुसरा धडा असा की पुढचं विचारू नका, मागचं विचारा. "मी आजारी पडले तर कराल का?" याला सगळे हो म्हणतात. "दशलक्षणात आईंचे उपवास असतात तेव्हा घरच्यांचं जेवण कोण बघतं?" किंवा "मागच्या वेळी आई झोपून होत्या तेव्हा काय केलंत?" याला मात्र घडलेलं सांगावं लागतं. कुणी म्हणतं मावशी आल्या, कुणी म्हणतं बहिणीला सासरहून बोलावलं. एखादा म्हणतो, खिचडी मीच लावायचो, दोनदा करपली. करपलेली खिचडी खरी असते.

पाळीच्या दिवसांत शिवाशिव पाळतात का आणि तेव्हा चूल कोण सांभाळतं, हे मुलाला विचारणं अवघड. ते त्याच्या वहिनीला किंवा बहिणीला विचारावं, बायका हे पटकन आणि खरं सांगतात.

सासू-सासऱ्यांसोबत राहण्याचंही तसंच. "वेगळं राहायचंय का?" हा प्रश्नच भांडणाचा आहे. त्याऐवजी आपलं आधी सांगावं: "आम्ही दोघी बहिणीच. आईवडिलांचं दुखलंखुपलं तर मला आठ-पंधरा दिवस डोंगरकड्याला यावं लागेल. तुमच्या आईबाबांचं तुम्ही भावांनी काय ठरवलंय?" त्याचे आईवडील त्याला सांभाळायचेत, हे रास्त आहे. तिचेही तिला सांभाळायचेत, हे त्याच दमात बोललं गेलं की तक्रारीला जागा उरत नाही. पुण्याला नोकरी असणाऱ्यांचं "आपण दोघंच राहू" हे तर अर्धंच उत्तर असतं. आईबाबा वर्षातले किती महिने येतात, आणि थकल्यावर कुणाकडे येणार, हे विचारल्याशिवाय ते पुरं होत नाही.

आणि समाजातल्या पुरुषांना एक सांगणं. मुलीकडचे घर बघायला जातात, ते कोण जातात? वडील, मामा, काका. खोल्या मोजतात, शेत किती, दुकानाची जागा स्वतःची का भाड्याची, चहा घेऊन परत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड एकानंही पाहिलेलं नसतं. पुढच्या वेळी मामी जाऊ द्या, नाहीतर मोठी बहीण, आणि दुपारी बाराला नको, साडेचारला. पाणी प्यायच्या निमित्तानं आत जावं. परातीपाशी कोण बसलंय, आणि उठून पाण्याचा तांब्या कोण देतंय, एवढं बघून यावं.