विश्लेषण : गिरणीचा भोंगा ते मनगटावरची थरथर... पाळीतल्या कामगारांना आवाजाविना गजर कसा जागे करतो?

गिरणगावात भोंगा वाजला की सगळी चाळ जागी होत असे. ज्याची पाळी होती तो उठे आणि ज्याची नव्हती त्याचीही झोप मोडे. दुर्गाडी पुलापलीकडच्या कोनमध्ये आणि एकूणच भिवंडीच्या यंत्रमाग-गोदाम पट्ट्यात आज भोंगा नाही, पण अडचण तीच आहे. एका खोलीत वेगवेगळ्या पाळ्यांचे लोक झोपतात आणि प्रत्येकाच्या उशाशी मोबाइल असतो. यंत्रमागांवर १२ तासांच्या दोन पाळ्या जुन्याच आहेत. राज्य मंत्रिमंडळानेही सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ वरून १२ तास करण्यास मंजुरी दिली. पाळी लांबते तेव्हा झोपेचे तास कमी होतात. उरलेली झोप दुसऱ्याच्या गजराने मोडू नये, यासाठी आवाज न करता मनगटावर थरथरणारे घड्याळ हा एक उपाय आहे. तो कधी चालतो आणि कधी फसतो?

एका खोलीत नेमके काय घडते?

उदाहरणादाखल तिघांची एक खोली घेऊ. पहिला गोदामात सकाळी ६ ते दुपारी २ या पाळीत आहे. दुसरा त्याच गोदामात दुपारी २ ते रात्री १० या पाळीत आहे. तिसरा यंत्रमागावर रात्री ८ ते सकाळी ८ काम करतो. पहिल्याचा गजर पहाटे साडेचारला वाजतो. दुसरा तेव्हा पावणेबाराला अंथरुणावर टेकलेला असतो, म्हणजे त्याची झोप पाच तासांचीही झालेली नसते. पहिला दुपारी येऊन डुलकी काढतो आणि साडेतीनचा गजर लावतो. त्या वेळी सकाळी साडेनऊला झोपलेला तिसरा गाढ झोपेत असतो. दिवसाची झोप उजेड, उकाडा आणि रहदारीमुळे आधीच कमी भरते, त्यात ती मध्येच तुटते. शिवाय मागांच्या खडखडाटात १२ तास काढल्यावर काही वेळ कानांना कमी ऐकू येते. त्यामुळे मागावरचा माणूस स्वतःचा गजर आणखी मोठ्या आवाजात लावतो.

थरथर निर्माण कशी होते?

स्वस्त पट्ट्यांमध्ये सहसा एक चिमुकली मोटर असते आणि तिच्या दांड्यावर एका बाजूला वजन बसवलेले असते. मोटर फिरली की हे वजन तोल घालवते आणि घड्याळ थरथरते. महागड्या घड्याळांत स्प्रिंगवरचे वजन पुढे-मागे हलते. त्याचा ठोका नेमका, कुणीतरी बोटाने टिचकी मारावी तसा जाणवतो. दोन्ही प्रकार माणसाला उठवू शकतात. मात्र सलग एकसारख्या थरथरीची त्वचेला लवकर सवय होते. म्हणून थांबून थांबून येणारे ठोके अधिक उपयोगी पडतात. घड्याळात थरथरीचे नमुने निवडता येत असतील, तर लांब ठोका आणि मध्ये विराम असलेला नमुना घ्यावा.

पट्टा सैल असेल तर घड्याळ नुसतेच हलते, जोर हातापर्यंत पोहोचत नाही. पट्ट्याखाली एक बोट जेमतेम जाईल इतका तो घट्ट हवा. घड्याळ काढून उशाशी ठेवले तर थरथर पलंगाच्या लोखंडी पट्टीवर खडखडते. म्हणजे ज्याला उठायचे तो झोपूनच राहतो आणि शेजारी जागा होतो.

गजर चुकतो तो कुठे?

सर्वात मोठा घोटाळा नोटिफिकेशनचा असतो. बहुतेक घड्याळांत झोपेची किंवा ‘डू नॉट डिस्टर्ब’ची वेळ रात्रीची धरलेली असते. रात्रपाळीचा माणूस झोपतो दिवसा. त्या वेळी प्रत्येक संदेशाला आणि फोनला मनगट थरथरते. दोन-चार दिवसांत झोपेतले शरीर या थरथरीकडे दुर्लक्ष करायला शिकते आणि मग गजराचीही तीच गत होते. उपाय सोपा आहे. ‘डू नॉट डिस्टर्ब’ची वेळ आपल्या खऱ्या झोपेनुसार बदलावी, किंवा घड्याळावरची सगळी नोटिफिकेशन बंद करावीत. झोपेत मनगट थरथरले तर त्याचा अर्थ एकच असला पाहिजे, ‘उठ’. मात्र काही घड्याळांत ही सेटिंग गजराची थरथरही दाबते, म्हणून ती चालू ठेवून एकदा जागेपणी दोन मिनिटांचा गजर लावून पाहावा.

दुसरी चूक वेळेची. दुपारी साडेचारऐवजी पहाटे साडेचारचा गजर लागणे नेहमीचेच आहे. घड्याळ २४ तासांच्या पद्धतीवर ठेवले की 04:30 आणि 16:30 यांत गोंधळ होत नाही. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर ‘रोज’चा गजर ठेवू नये. जुन्या पाळीचा गजर विसरला की नव्या आठवड्यात तोच झोपमोड करतो.

तिसरी गोष्ट बॅटरीची. चार्ज कमी झाला की अनेक घड्याळे बचतीसाठी थरथर बंद करतात किंवा रात्रीतच बंद पडतात. घड्याळ झोपताना नव्हे, अंघोळ-जेवणाच्या वेळी चार्जिंगला लावावे.

गजर लावावा की टायमर?

डुलकीसाठी टायमर बरा, कारण त्यात तारीख नसते आणि AM-PM चा प्रश्नही येत नाही. वीस मिनिटांची डुलकी असेल तर सहसा गाढ झोप लागण्याआधीच जाग येते. पाऊण-एक तासाने गाढ झोपेतून उठवले गेल्यास पंधरा मिनिटे ते अर्धा तास डोके जड राहते, हात-पाय मंद चालतात. पहाटेच्या वेळी ही सुस्ती अधिक असते. त्यामुळे उठल्याबरोबर दुचाकी चालवू नये किंवा यंत्राला हात लावू नये. टायमरची एक मर्यादा आहे. अनेक पट्ट्यांवर तो एकदाच थोडा वेळ थरथरून थांबतो, पुन्हा आठवण करत नाही. मुख्य झोपेसाठी गजरच लावावा.

भरवसा किती ठेवावा?

पहिल्या पाळीच्या कामगाराला सव्वापाचला घर सोडायचे आहे. त्याने घड्याळावर 04:30 आणि 04:35 असे दोन गजर लावावेत. तिसरा गजर 04:45 ला मोबाइलवर, आवाजाचा, आणि मोबाइल हाताच्या टप्प्याबाहेर. मनगटावरच्या गजराने उठल्यावर त्याने मोबाइलचा गजर बंद करायचा. आवाज होईल तो फक्त घड्याळ फसले त्याच दिवशी. पहिली चाचणी सुट्टीच्या दिवशी घ्यावी. सलग आठवडाभर मोबाइल वाजण्याची वेळ आली नाही, तर ही थरथर आपल्याला पुरते असे समजावे. आठवड्यात दोनदा वाजला तर पट्टा, हात किंवा नमुना बदलून पाहावा. हात अंगाखाली दबत असेल तर घड्याळ दुसऱ्या मनगटावर घालावे.

झोप हलकी असलेल्यांनी आणखी एक सेटिंग पाहावी. मनगट वळताच पडदा उजळण्याची सोय झोपेपुरती बंद ठेवावी, नाहीतर कुस बदलताना त्या उजेडाने जाग येते. आणि झोप पाच तासांचीच असेल, तर ती सात तासांची करणे कोणत्याही घड्याळाला जमणार नाही. ते काम पाळीच्या वेळापत्रकाचे आहे. घड्याळ फक्त एवढेच पाहते, की एकाच्या उठण्यासाठी बाकी दोघांना उठावे लागणार नाही.