नाव बरोबर, तरी दार बंद

वीज गेली, आली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि घरच्या सर्व्हरचा पत्ता बदलला. या दुखण्यावर डायनॅमिक डीएनएस हा जुना, खात्रीचा उपाय आहे. सर्व्हरवरचा छोटा प्रोग्राम दर काही मिनिटांनी आपला पत्ता बाहेरून कसा दिसतो ते विचारतो आणि बदल दिसला की नावापुढची नोंद बदलतो. टीटीएल ६० सेकंद ठेवला, तर जुना पत्ता फार काळ रेंगाळत नाही.

तरीही सर्व्हर लागत नाही, अशी तक्रार येतेच. समजा, पुण्यातल्या एका घरी रास्पबेरी पायवर कुटुंबाच्या फोटोंचा साठा आहे. लॉगमध्ये उत्तर चोख दिसतं:

```
good 203.0.113.25
```

नाव याच पत्त्याकडे जातं. राउटरवर ४४३ पोर्टही फॉरवर्ड केलेला आहे. मोबाइलचं वायफाय बंद करून डेटावरून पाहिलं, तर मात्र नुसतं टाइमआउट.

अशा वेळी तंत्रज्ञ डीडीएनएसची सेवा बदलून पाहतात आणि दिवस वाया जातो. पाहायला हवं ते राउटरचं स्टेटस पान. तिथे वॅनचा पत्ता `100.72.14.9` असेल, तर निदान झालं. `100.64.0.0` ते `100.127.255.255` हा पट्टा २०१२ साली सेवा पुरवठादारांच्या सामायिक वापरासाठी राखून ठेवला गेला. म्हणजे बाहेर दिसणारा पत्ता त्या घराचा नाही. पुरवठादाराच्या सीजीनॅट यंत्राचा आहे आणि त्यामागे अनेक ग्राहक आहेत. बाहेरून आलेली विनंती त्या यंत्रापाशीच थांबते, घरच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. डीडीएनएसने आपलं काम अचूक केलं आहे. फक्त त्या पत्त्याला घराकडे उघडणारं दार नाही.

पुरवठादार सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता देत असेल, तर प्रश्न मिटला. नाहीतर आयपीव्ही६ कडे वळावं. इथे जुनी सवय आड येते. आयपीव्ही४ मध्ये राउटरचा पत्ता नोंदवला की भागतं. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता असतो, म्हणून अपडेटचा प्रोग्राम राउटरवर न ठेवता सर्व्हरवरच चालवावा लागतो. `AAAA` नोंदीत स्थिर पत्ता द्यावा, गोपनीयतेसाठी बदलत राहणारा तात्पुरता पत्ता नव्हे. स्थिर पत्ता असा सापडतो:

```
ip -6 addr show scope global -temporary
```

पोर्ट फॉरवर्डिंगची गरज उरत नाही, पण राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या यंत्रासाठी ४४३ उघडावाच लागतो. निरुपयोगी `A` नोंद काढून टाकावी. पाहुणा ज्या नेटवर्कवर आहे तिथे आयपीव्ही६ नसेल, तर हाही मार्ग खुंटतो. मग सार्वजनिक पत्ता असलेल्या भाड्याच्या सर्व्हरमार्गे बोगदा काढण्यावाचून इलाज नाही.

ग्राहकाकडे गेल्यावर डीडीएनएसचं खातं उघडण्याआधी राउटरचं स्टेटस पान उघडा आणि वॅनचा पत्ता कामाच्या वहीत टिपून ठेवा.