सालबाईचा तह : सही मे महिन्यात, अंमल फेब्रुवारीत

पहिले इंग्रज-मराठा युद्ध कधी संपले, या प्रश्नाला बहुतेक पुस्तके एकच तारीख देतात : १७ मे १७८२. त्या दिवशी ग्वाल्हेरजवळच्या सालबाई गावी पेशव्यांचे मुखत्यार म्हणून महादजी शिंदे आणि कंपनीचा वकील डेव्हिड अँडरसन यांच्यात तह ठरला व त्यावर सह्या झाल्या. तारीख बरोबर आहे, परंतु तिच्यावरून काढला जाणारा अर्थ चुकीचा आहे. त्या दिवशी तहाने पेशव्यांना बांधले नव्हते आणि कंपनीलाही नाही.

याचा पुरावा तहनाम्यातच आहे. वसईसह युद्धात घेतलेला मुलूख इंग्रजांनी पेशव्यांना दोन महिन्यांत परत करावा, असे त्यात ठरले. हे दोन महिने सहीच्या दिवसापासून मोजायचे नव्हते. तह ‘पूर्ण’ होईल त्या दिवसापासून ते मोजायचे होते. पूर्ण होणे म्हणजे काय, हेही शेवटच्या कलमात सांगितले आहे. एक प्रत फोर्ट विल्यमला जाईल, दुसरी पुण्यास. कंपनीची मोहोर व वॉरन हेस्टिंग्जची सही झालेली प्रत महादजींच्या हाती यावी, पेशव्यांची मोहोर व नाना फडणविसांची सही झालेली प्रत अँडरसनच्या हाती जावी. मग तह पक्का. आज ज्याला अनुसमर्थन म्हणतात, ती हीच क्रिया होय. वकिलाची सही म्हणजे ‘मजकूर हाच ठरला’ याची साक्ष. ‘हा मजकूर आम्हांस मान्य’ हे बोलण्याचा अधिकार धन्याचा.

इतक्या काटेकोर शब्दांची गरज का भासली असावी, हे कळण्यासाठी तीन वर्षे मागे, वडगावला जावे लागते.

जानेवारी १७७९ मध्ये राघोबादादांना गादीवर बसवण्यासाठी निघालेली मुंबईकरांची सुमारे चार हजारांची फौज तळेगावपर्यंत आली, मागे फिरली आणि वडगावास कोंडली गेली. सुटकेची बोलणी करण्यासाठी फार्मर नावाचा अधिकारी मराठ्यांच्या छावणीत गेला. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारच्या संमतीवाचून तह करण्याचा आम्हांस अधिकार नाही, असे इंग्रजांनी आरंभी सांगितले. ते खरेही होते. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टने मुंबई व मद्रासचा स्वतंत्रपणे तह करण्याचा अधिकार काढून घेतला होता. १७७५ मध्ये मुंबईकरांनी राघोबादादांशी केलेला सुरतेचा तह कलकत्त्याने याच कारणास्तव नाकारला होता आणि पुणे दरबारास तो अनुभव ताजा होता. तरीही कोंडलेल्या फौजेच्या वतीने जॉन कारनॅकने करार करून दिला. साष्टीसह १७७३ नंतर घेतलेला मुलूख परत द्यायचा, बंगालहून येणारी गॉडर्डची फौज थांबवायची, आणि हमी म्हणून फार्मर व स्टुअर्ट हे दोघे ओलीस ठेवायचे, अशी त्याची मुख्य कलमे होती.

फौज घाट उतरून सुखरूप गेली. काही दिवसांतच कारनॅकने गॉडर्डला पाठवलेला थांबण्याचा हुकूम मागे घेतला. मुंबईचा गव्हर्नर हॉर्नबी याने करार अमान्य केला, हेस्टिंग्जनेही तेच केले. फेब्रुवारी संपता संपता गॉडर्ड सुरतेस पोहोचला होता.

मराठी वाचक याला विश्वासघात म्हणतो. सालबाईच्या तहावर मोहोर करण्यास नानांनी सात महिने लावले, त्याला मात्र तोच वाचक मुत्सद्देगिरी म्हणतो. ही दोन मापे झाली. आणि दोन्हीकडे तपासण्याची गोष्ट एकच असताना ती वेगळी पाहण्याचे कारण नाही. अधिकार नसलेल्या माणसाचा करार धन्याने नाकारणे, हा काही गुन्हा नव्हे. वडगावचा दोष नकारात नाही. दोष आहे तो करार नाकारण्याआधी त्याचा लाभ उचलण्यात. फौज सोडवून घेणे हाच त्या कराराचा मोबदला होता, तो पदरात पडला आणि मग अधिकाराचा प्रश्न आठवला. मराठ्यांची चूकही दिसते : समोरचा ‘अधिकार नाही’ म्हणत असताना त्यांनी कागद घेतला आणि डाव सोडला. दोन ओलीस हा फारच तोकडा तारण होता.

सालबाईस हे टळले. तह पूर्ण होईपर्यंत मुलूख हलणार नव्हता, म्हणून आधी लाभ आणि मागाहून नकार, ही वाटच उरली नाही.

आता नानांचे सात महिने. हेस्टिंग्जने ६ जून १७८२ रोजी, म्हणजे तीन आठवड्यांच्या आत, तह कायम केला. कंपनीला घाई होती, कारण दक्षिणेत हैदर अलीशी तिचे युद्ध चालू होते आणि मार्चमध्ये फ्रेंच पलटणी हैदरच्या मदतीस उतरल्या होत्या. हैदर हा १७८० पासून पुण्याचा मित्र. हैदरने इंग्रजांचा व अर्काटच्या नबाबाचा घेतलेला मुलूख सहा महिन्यांत सोडावा, याची जबाबदारी मात्र सालबाईच्या तहाने पेशव्यांवर टाकली होती. म्हणजे सही होताच तह लागू झाला असता, तर पुण्याला आपल्याच विजयी मित्रावर दडपण आणावे लागले असते. शिवाय साष्टी इंग्रजांकडेच राहणार होती, हे शल्य होतेच. हैदर जिंकत असेतो काही अधिक पदरात पडेल, या आशेने नानांनी मोहोर रोखून धरली.

७ डिसेंबरला हैदर वारला. २० डिसेंबरला, तेराव्या दिवशी, आठ वर्षांच्या सवाई माधवरावांच्या वतीने नानांनी तह मान्य केला. एक कलमही बदलले नाही.

त्या काळचे युरोपीय शास्त्र नानांना थोडे प्रतिकूल होते. व्हाटेलसारखे ग्रंथकार म्हणत, की पूर्ण मुखत्यारी घेतलेल्या वकिलाने आज्ञेच्या मर्यादेत तह केला असेल, तर धन्याने सबळ कारणावाचून तो नाकारू नये. आजचा नियम याहून मोकळा आहे. १९६९ च्या व्हिएन्ना कराराच्या अठराव्या कलमानुसार, अनुसमर्थनाच्या अटीवर सही केलेल्या राज्याने, तहाचा पक्ष होण्याचा विचार नाही असे स्पष्ट करेपर्यंत, त्याचा मूळ हेतूच निष्फळ होईल असे वागू नये; अनुसमर्थन केलेच पाहिजे, अशी सक्ती नाही. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही केली, अनुसमर्थन अद्याप केलेले नाही, आणि म्हणून त्या करारातील जबाबदाऱ्या भारतावर पूर्णांशाने येत नाहीत.

नानांच्या विलंबाची किंमतही मोजली पाहिजे, कारण चरित्रकार ती सहसा मोजत नाहीत. डिसेंबर १७८० मध्ये गॉडर्डने घेतलेली वसई या सगळ्या काळात इंग्रजांकडेच राहिली. दोन महिन्यांचे घड्याळ नानांच्या मोहोरेवाचून सुरूच होणार नव्हते. अनुसमर्थन रोखणाऱ्याला होय किंवा नाही एवढेच म्हणता येते. मजकूर बदलायचा तर बोलणी नव्याने करावी लागतात, आणि हैदर गेल्यावर त्यासाठी पुण्याच्या हाती काही उरले नव्हते.

२४ फेब्रुवारी १७८३ रोजी प्रतींची अदलाबदल झाली. वसई पेशव्यांकडे परत आली, साष्टी इंग्रजांकडेच राहिली. भडोच शिंद्यांना मिळाले : वडगावच्या फौजेशी आणि त्या दोन ओलिसांशी ते चांगले वागले, म्हणून.